सीईटीचा निकाल: ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के नव्हे

सीईटीचा निकाल लागला की आमच्या नायगावच्या अभ्यासिकेत दोन-तीन दिवस नुसती मोबाईल पुढे करणाऱ्यांची गर्दी असते. मुलं येतात, त्यांच्याबरोबर आया येतात, कधी कामावरून परस्पर आलेले वडील. पोर्टलवरचं स्कोअरकार्ड उघडलेलं असतं आणि प्रश्न बहुतेक एकच असतो, "ताई, हे चांगलं का वाईट?"

अशाच एका संध्याकाळी परळच्या बीआयटी चाळीतला एक मुलगा आणि लालबागला राहणारी त्याची मामेबहीण एकत्र आली. दोघांनीही एमएचटी-सीईटी दिलेली, दोघंही पीसीएम गटात, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. मुलाच्या स्कोअरकार्डवर ९२.३० आणि मुलीच्या ९१.५०. इथपर्यंत ठीक होतं. पण दोघांनी लॉगिनमधली आपापली उत्तरं उत्तरसूचीशी ताडून गुण मोजले होते. मुलाला २०० पैकी ११२ आणि मुलीला १२१ मिळाले होते. नऊ गुण जास्त मिळवलेली मुलगी खाली आणि भाऊ वर. मुलीची आई माझ्यासमोर बसून म्हणाली, "ताई, हिचे नऊ मार्क कुणी खाल्ले?"

मार्क कुणी खाल्ले नव्हते. पण नुसतं "तसं नसतं हो वहिनी" म्हणून त्यांची समजूत पटली नसती, आणि पटूही नये. ज्या आकड्यावर मुलांची पुढची चार वर्षं ठरणार, तो कसा निघतो हे घरच्यांना कळलं पाहिजे. त्या संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर जे मांडून दाखवलं, तेच इथे सविस्तर लिहिते.

मुळात गुण का दाखवत नाहीत?

महाराष्ट्राची सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. लाखो मुलांना एकाच वेळी बसवता येतील एवढे संगणक राज्यात नाहीत. म्हणून परीक्षा अनेक दिवस, सकाळ आणि दुपार अशा सत्रांत चालते, आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. पेपर काढणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी दोन पेपर तंतोतंत सारखे अवघड निघत नाहीत. मंगळवारी सकाळचं गणित सोपं गेलं आणि गुरुवारी दुपारचं जड, तर १२१ आणि ११२ हे दोन आकडे शेजारी ठेवून काही अर्थ निघत नाही. नीटची गोष्ट वेगळी आहे. ती परीक्षा कागदावर, देशभर एकाच दिवशी, एकाच वेळी होते, म्हणून तिथे ७२० पैकी गुण सरळ दिसतात. जेईई मेनमध्ये मात्र आपल्या सीईटीसारखीच पर्सेंटाइलची पद्धत आहे.

तर सीईटी सेल काय करतो? तुमची तुलना तुम्ही ज्या सत्रात बसलात, फक्त त्या सत्रातल्या मुलांशी करतो. तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळालेली मुलं त्या सत्रात किती, ते मोजायचं. त्याला सत्रात प्रत्यक्ष बसलेल्या एकूण मुलांच्या संख्येने भागायचं आणि १०० ने गुणायचं. झालं पर्सेंटाइल. पोर्टल हा आकडा दशांशानंतर सात अंकांपर्यंत काढतं, म्हणून तो इतका लांबलचक आणि गूढ दिसतो. त्यामागचं गणित पाचवीतल्या पोराला जमेल इतकंच आहे.

एक छोटं सत्र धरा, त्यात दहाच मुलं. त्यांचे गुण ४०, ५२, ६०, ६०, ७५, ८८, ९०, ११०, १३० आणि १५०. ज्याला ११० मिळाले, त्याच्याइतके किंवा त्याहून कमी गुण असलेली मुलं आठ, त्याला स्वतःला धरून. आठ भागिले दहा, म्हणजे ८० पर्सेंटाइल. ज्या दोघांना ६० मिळाले त्या दोघांनाही ४०. पहिल्याला १०० आणि शेवटच्याला १०. शेवटच्याला शून्य मिळत नाही, कारण तो स्वतः स्वतःच्याइतका असतोच. आता समजा याच दहा मुलांना अवघड पेपर आला आणि प्रत्येकाचे वीस गुण कमी झाले. ११० वाल्याचे ९० झाले. पण त्याच्या मागची मुलं अजूनही तेवढीच, म्हणून पर्सेंटाइल पुन्हा ८०. अवघड पेपरचा फटका गुणांना बसला, रांगेतल्या जागेला बसला नाही. एवढ्यासाठीच ही सगळी खटपट आहे.

आता भावाबहिणीकडे येऊ. त्यांच्या सत्रांत किती मुलं होती हे स्कोअरकार्डवर लिहिलेलं नसतं, म्हणून समजण्यापुरते गोल आकडे धरते. मुलाच्या सत्रात २०,००० मुलं आणि ११२ किंवा त्याहून कमी गुण मिळालेली १८,४६०. भागाकार केला की ९२.३०. मुलीचं सत्र २४,००० मुलांचं आणि १२१ किंवा त्याहून कमी मिळालेली २१,९६०. उत्तर ९१.५०. मुलीचा पेपर सोपा होता. तो तिला सोपा गेला तसा तिच्या सत्रातल्या सगळ्यांनाच सोपा गेला, आणि म्हणून १२१ च्या पुढे जाणारीही पुष्कळ निघाली. तिचे नऊ गुण खोटे नाहीत. त्या पेपरात त्या नऊ गुणांची किंमत कमी होती, इतकंच.

यातून एक गोष्ट आपोआप लक्षात यावी. पर्सेंटाइल हे "किती येतं" याचं माप नाही, "रांगेत कुठे उभा आहे" याचं माप आहे. ६१ पर्सेंटाइल मिळालेल्या मुलाच्या घरी "फर्स्ट क्लास आला" म्हणून पेढे आणलेले मी पाहिलेत, आणि ४८ पाहून "पोरगी नापास झाली" म्हणून दोन दिवस घरात चूल न पेटलेलीही पाहिली आहे. दोन्ही घरांनी त्या आकड्याकडे बोर्डाच्या टक्केवारीच्या सवयीने पाहिलं. सीईटीत पास-नापास नसतं. ४८ पर्सेंटाइल म्हणजे साधारण निम्मी मुलं तुमच्या पुढे आणि निम्मी मागे, बस्स. मात्र अभियांत्रिकीच्या प्रवेशाला बारावीची खरीखुरी टक्केवारी लागते, त्या विषयांत खुल्या गटाला ४५ आणि महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवारांना ४०. म्हणजे एकाच प्रवेश अर्जावर एक रकाना टक्क्यांचा आणि एक पर्सेंटाइलचा. गोंधळ न झाला तर नवल.

तीन विषयांची सरासरी कराल तर चुकाल

स्कोअरकार्डवर प्रत्येक विषयाचं वेगळं पर्सेंटाइल असतं आणि खाली एकूण. दरवर्षी कुणीतरी तिन्हींची सरासरी काढून माझ्याकडे येतं आणि म्हणतं, "एकूण चुकलंय." ते चुकलेलं नसतं. एकूण पर्सेंटाइल विषयांच्या पर्सेंटाइलवरून काढतच नाहीत. तिन्ही विषयांचे मूळ गुण आधी एकत्र करतात. त्यात भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, असे एकूण २००. मग त्या बेरजेची नवी रांग लावतात.

तीन मुलं घेऊन पाहा. पहिल्याला भौतिकशास्त्रात ४५, रसायनशास्त्रात १०, गणितात ४०. दुसरीला ४०, ३५ आणि ६०. तिसऱ्याला १०, ४० आणि ८०. दुसरी मुलगी तिन्ही विषयांत दुसरी आहे, एकाही विषयात पहिली नाही. प्रत्येक विषयात तिचं पर्सेंटाइल ६६.६७. पण बेरीज करा: पहिल्याची ९५, तिसऱ्याची १३०, तिची १३५. एकूण रांगेत ती पहिली, पर्सेंटाइल १००. सरासरी काढणाऱ्याला ते ६६.६७ वाटलं असतं. ज्यांचे तिन्ही विषय बऱ्यापैकी आहेत त्यांचं एकूण पर्सेंटाइल बहुधा सरासरीच्या वर जातं, कारण एका विषयात चमकणारी पुष्कळ असतात, पण तिन्हीकडे टिकणारी कमी. उलटही होतं, एका विषयाने खाली ओढलं की एकूण आकडा सरासरीच्या खाली येतो.

दोन मुलांचं एकूण पर्सेंटाइल सारखं निघालं, तर गुणवत्ता यादीत वर कोण हे ठरवताना आधी गणिताचं पर्सेंटाइल बघतात. तेव्हा विषयांचे आकडे शोभेचे नाहीत. पण त्यांची सरासरी कामाची नाही.

एक गुण कुठे किती महाग

हे जरा कमी जणांच्या लक्षात येतं. सगळीकडे एका गुणाची किंमत सारखी नसते.

सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. म्हणजे एखाद्याने पेपर न वाचता सगळे गोल नुसते टिचक्या मारून भरले, तरी नशिबाच्या हिशेबाने त्याला २०० पैकी साधारण ५० मिळतात. थोडंफार येणारे साठ-सत्तरपर्यंत पोचतात. त्यामुळे पन्नास ते सत्तरच्या पट्ट्यात तुफान गर्दी होते. संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर असते तशी. वर, दीडशेच्या पुढे, रात्री साडेअकराच्या पुलासारखी सामसूम.

समजा २०,००० च्या सत्रात बरोबर ६५ गुण मिळालेली ४०० मुलं आहेत. ज्याला ६४ आहेत त्याने आणखी एक प्रश्न बरोबर केला असता, तर तो या ४०० जणांत येऊन बसला असता आणि त्याचं पर्सेंटाइल एका फटक्यात दोनने वाढलं असतं. वर १७० गुणांपाशी मात्र दहाच मुलं असतील, तर तिथे एक गुण वाढून पर्सेंटाइल वाढणार ०.०५. म्हणून मधल्या पट्ट्यातल्या मुलाने "माझं फक्त दोन-तीन प्रश्नांचं नुकसान झालं" असं म्हटलं, तर ते फक्त नाही. त्याच पट्ट्यातल्या मुलाचं पर्सेंटाइल मागच्या सराव परीक्षेपेक्षा पाचने घसरलं म्हणून घरात आरडाओरडा होतो, तेव्हा ती घसरण प्रत्यक्षात दोन-तीन गुणांची असू शकते, हेही तितकंच खरं. आकडा मोठा हलला म्हणजे मूल मोठं हललं, असं नाही.

मागच्या वर्षीचा कटऑफ

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती याची, कारण पर्याय अर्ज भरताना मुलं इथेच फसतात. हातात मागच्या वर्षीची कटऑफ यादी असते, तिच्यात आपलं पर्सेंटाइल बसतं का ते पाहतात आणि कॉलेजं लिहितात.

आता दोन आकडे पाहा. पीसीएम गटात २०२४ मध्ये २,९५,५७७ मुलं प्रत्यक्ष परीक्षेला बसली. २०२५ मध्ये बसली ४,२२,८६३. एका वर्षात सव्वा लाखाहून जास्त मुलं वाढली. ९० पर्सेंटाइल म्हणजे दहा टक्के मुलं पुढे. २०२४ मध्ये हे दहा टक्के म्हणजे साधारण २९,६०० आणि २०२५ मध्ये साधारण ४२,३००. आकडा तोच ९०, पण तुमच्या पुढे उभी असलेली माणसं जवळजवळ तेरा हजारांनी वाढली. राज्यात जागाही काही वाढल्या, नवी कॉलेजं आली, तुकड्या वाढल्या. पण माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारख्या जुन्या संस्थेतल्या जागा परीक्षार्थींच्या वेगाने वाढत नाहीत.

हेच दुसऱ्या बाजूने पाहू. समजा एका मुलीच्या पुढे बरोबर २५,००० मुलं आहेत. २०२४ च्या गर्दीत तिचं पर्सेंटाइल साधारण ९१.५ आलं असतं. २०२५ च्या गर्दीत, पुढे तेवढीच २५,००० मुलं असताना, ते ९४.१ येतं. मुलगी तीच, पुढची माणसं तेवढीच, पण मागे रांग लांबली म्हणून आकडा फुगला. मग एखाद्या कॉलेजचा कटऑफ ९१.५ वरून ९४ वर गेला तर लोक म्हणतात स्पर्धा वाढली. काही प्रमाणात वाढली असेलही. पण त्या उडीतला बराचसा भाग नुसता रांगेच्या लांबीचा असू शकतो.

म्हणून वर्षावर्षांची तुलना करताना पर्सेंटाइलपेक्षा गुणवत्ता क्रमांक जास्त भरवशाचा. कॅपच्या कटऑफ यादीत प्रत्येक रकान्यात दोन आकडे असतात, वर शेवटच्या प्रवेशाचा गुणवत्ता क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल. बहुतेकांची नजर कंसावर जाते. वरच्या आकड्यावर जाऊ द्या. फक्त एक ध्यानात ठेवा, हा क्रमांक प्रवेशाचा अर्ज भरलेल्यांमधला असतो, सगळ्या परीक्षार्थींमधला नव्हे. म्हणून तो कळण्यासाठी अंतिम गुणवत्ता यादी लागेपर्यंत थांबावं लागतं. तोवर पर्सेंटाइलवरून काढलेला अंदाज हा अंदाजच.

आपल्या मुलांमध्ये आणखी एक गैरसमज पक्का बसलेला आहे, तो इथेच काढून टाकते. "हे पर्सेंटाइल एससीमधलं आहे ना ताई?" नाही. पर्सेंटाइल काढताना जात, गट, लिंग काहीही पाहत नाहीत. सत्रातली सगळी मुलं एका रांगेत. अनुसूचित जातीच्या १३ टक्के जागांचा संबंध त्यानंतर, प्रवेशाच्या वेळी येतो. कटऑफ यादीत `GOPENS` हा खुल्या जागांचा रकाना, `GSCS` अनुसूचित जातीच्या जागांचा, `LSCS` त्यातल्या मुलींच्या जागांचा. शेवटचं अक्षर `S` म्हणजे राज्यस्तरीय जागा, `H` म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या उमेदवारांच्या आणि `O` म्हणजे बाहेरच्यांच्या. आपल्या मुलाने दोन्ही रकाने पाहायचे. त्याचा क्रमांक `GOPENS` मध्ये बसत असेल तर ती जागाही त्याचीच आहे, खुली जागा कुणा एका गटासाठी राखलेली नसते. दरवर्षी काही चांगली मुलं फक्त `GSCS` च्या खिडकीतून बघतात आणि वरची कॉलेजं लिहायचीच राहतात.

२०० पैकी २१४ कसे मिळतात

सीईटीत पर्सेंटाइल मिळतं, तर सरळसेवा भरतीत "नॉर्मलाइज्ड स्कोअर" मिळतो. अभ्यासिकेतली मोठी मुलं या दुसऱ्या आकड्याने हैराण असतात, म्हणून थोडक्यात तेही सांगते.

२०२३ ची तलाठी भरती आठवत असेल. परीक्षा ५७ सत्रांत झाली, साडेआठ लाखांहून जास्त उमेदवार बसले, पेपर २०० गुणांचा. जानेवारी २०२४ मध्ये यादी लागली आणि ४८ जणांना २०० पेक्षा जास्त गुण, सर्वात वरच्याला २१४. राज्यभर गदारोळ झाला. घोटाळ्याचे आरोप झाले. ते आरोप खरे की खोटे हा चौकशीचा विषय, पण नुसता "२०० पैकी २१४" हा आकडा घोटाळ्याचा पुरावा होत नाही, हे समजून घ्यायला हवं.

या पद्धतीत रांगेतली जागा मोजत नाहीत, गुणच ताणून किंवा आखडून एका समान पट्टीवर आणतात. प्रत्यक्षातली सूत्रं गुंतागुंतीची असतात, पण आतलं तत्त्व असं. समजा एका अवघड सत्राची सरासरी ९६ आणि मुलांचे गुण सरासरीपासून सर्वसाधारणपणे २४ गुणांनी इकडेतिकडे पसरलेले. सगळ्या सत्रांची मिळून सरासरी ११० आणि पसारा २६. अवघड सत्रातल्या एका मुलीला १८६ मिळाले. ती तिच्या सत्राच्या सरासरीपेक्षा ९० ने वर, म्हणजे २४ चे पावणेचार पसारे वर. आता तिला समान पट्टीवरही पावणेचार पसारे वर ठेवायचं. २६ गुणिले ३.७५ बरोबर ९७.५, त्यात ११० मिळवले की २०७.५. दोनशे ओलांडले. सूत्राला पेपर २०० चा आहे हे ठाऊक नसतं.

तांत्रिकदृष्ट्या हे चालतं. पण उमेदवाराच्या डोळ्यांत ते चालत नाही, आणि माझ्या मते उमेदवाराचं बरोबर आहे. मूळ गुण, सत्राची सरासरी आणि वापरलेलं सूत्र हे तिन्ही निकालाबरोबरच छापले असते, तर अर्धा संशय तिथेच मिटला असता. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रयागराजला उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाच्या दारात हजारो मुलं याच नॉर्मलायझेशनविरुद्ध बसली, आणि आयोगाला पूर्वपरीक्षा एकाच दिवशी घ्यायचं कबूल करावं लागलं. तो राग गणितावर नव्हता. बंद दाराआड झालेल्या गणितावर होता.

पद्धत कुठे कमी पडते

पर्सेंटाइलचं सगळं घर एका गृहीतावर उभं आहे, की प्रत्येक सत्रात हुशार, मध्यम आणि कच्ची मुलं साधारण सारख्याच प्रमाणात येतात. मुलं कुठल्याही क्रमाने, खरोखर मिसळून वाटली आणि सत्रं हजारोंची असली तर हे बरंचसं खरं ठरतं. पण एखाद्या सत्रात योगायोगाने तयारीची मुलं जास्त आली, तर तिथल्या मध्यम मुलाला विनाकारण मागे ढकललं जातं आणि स्कोअरकार्डवरून हे कुणालाच ओळखता येत नाही.

दुसरं, पेपरातली चूक. एक प्रश्न रद्द झाला आणि सगळ्यांना त्याचे दोन गुण दिले, तर लोक म्हणतात बरं झालं. ज्याने वेळ घालवून तो प्रश्न बरोबर सोडवला होता, त्याच्या पदरी काय पडलं? काहीच नाही, उलट मागची मुलं त्याच्या बरोबरीला आली. चुका एक-दोन असतील तर हे खपून जातं. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात मात्र गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकले होते. तिथे गुण वाटून भागण्यासारखं नव्हतंच, निम्म्या गणितावर रांग कशी लावणार? त्या सत्रातल्या सुमारे २७ हजार मुलांची परीक्षा ५ मे रोजी पुन्हा घ्यावी लागली.

तुमच्या हातात काय आहे? उत्तरसूची जाहीर झाल्यावर उमेदवाराच्या लॉगिनमध्ये प्रश्नपत्रिका, तुम्ही दिलेली उत्तरं आणि बरोबर उत्तरं दिसतात. ती त्याच दिवशी उतरवून ठेवा, नंतर दुवा बंद होतो. वही घेऊन तीन विषयांचे बरोबर प्रश्न मोजा, गणिताचे दुप्पट करा, बेरीज तारखेसह लिहून ठेवा. उत्तरसूचीतच चूक वाटली तर ठरलेल्या मुदतीत आक्षेप घेता येतो, पण एका प्रश्नाला हजार रुपये भरावे लागतात. आपल्या वस्तीतल्या घरात हजार रुपये म्हणजे काय हे सांगायला नको. म्हणून आधी शिक्षकाकडून पुस्तक उघडून खात्री करून घ्या, तोंडी नको. आणि आपली मोजणी बरोबर आहे पण पर्सेंटाइल पटत नाही, एवढ्यावर आक्षेप टिकत नाही, कारण सत्रातल्या इतरांचे गुण तुमच्याकडे नसतात.

इथेच माझी तक्रार आहे. २०२४ च्या निकालानंतर विद्यार्थी, पालक आणि काही राजकीय नेत्यांनीही मूळ गुण दाखवा अशी मागणी केली होती. मी तिच्यात आणखी दोन आकडे घालते. स्कोअरकार्डवर तीन ओळी वाढवाव्यात: तुमचे मूळ गुण, तुमच्या सत्रात बसलेली मुलं, आणि तुमच्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळालेली मुलं. मग कुठलीही आई मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार करून पर्सेंटाइल स्वतः पडताळू शकेल. हे तिन्ही आकडे निकाल काढणाऱ्या संगणकात असतातच, त्यांच्याशिवाय पर्सेंटाइल निघूच शकत नाही.

त्या संध्याकाळी लालबागच्या वहिनींनी वहीवरचा भागाकार दोनदा करून पाहिला. मग म्हणाल्या, "म्हणजे हिचा पेपर सोपा होता, आणि आम्ही घरी सांगत होतो की हिने जास्त अभ्यास केला." मुलगी म्हणाली, "केलाच होता." अंतिम गुणवत्ता यादी लागली तेव्हा दोघंही परत आली, मागच्या वर्षीच्या कटऑफ यादीची छापील पानं घेऊन. मुलीने कंसातले आकडे पेन्सिलने खोडून फक्त वरचे क्रमांक ठेवले होते, आणि `GOPENS` च्या रकान्यात तीन कॉलेजांवर खूण केली होती. तिच्या भावाने तो रकाना पाहिलाच नव्हता. तो तिथेच बसून यादी नव्याने करायला लागला.